फळीच्या पोटाखाली काय आहे?

बस. तो मोबाइल उलटा ठेव. आणि मधेमधे "हो सर" म्हणू नकोस. तुझ्या "हो सर"चा अर्थ "लवकर आटपा" असा असतो, हे मला चांगलं कळतं.

चित्र बघितलं तुझं. पेनटाकळीच्या जलाशयात खांबांवर उभं घर, पुढे लाकडी जेटी, ओले खांब, संथ पाणी, सकाळची वेळ. पहिल्या नजरेला झकास. घराचा उतरता पत्रा, पडवीचा कठडा, फळ्यांचा पोत, सगळं मन लावून केलंस. मग मी खाली पाण्यात बघितलं आणि तू तिथेच सापडलास.

पाण्यातल्या जेटीच्या फळ्यांची पाठ दिसतेय. पाठ! ज्या बाजूवर माणूस चालतो ती बाजू. पैनगंगेच्या काठच्या गावात वाढलास ना रे तू? पुलाखाली कधी वाकून बघितलं नाहीस? पाण्यात पुलाचा रस्ता दिसतो की पुलाचं पोट?

गप्प का झालास? उत्तर येतं म्हणूनच ना?

घे कागद. तुझेच आकडे लिही. कॅमेरा काठावर, पाण्यापासून २.६ मीटर उंच. जेटीच्या फळ्या पाण्यापासून १.२ मीटरवर. जेटी तुझ्यापासून १२ मीटरवर सुरू होते आणि सरळ पुढे जात २० मीटरवर संपते. म्हणजे तू फळ्यांकडे १.४ मीटर वरून बघतोयस, म्हणून त्यांची पाठ दिसते. इथवर ठीक. आता प्रतिबिंबाचं बघ. संथ पाण्यातलं प्रतिबिंब म्हणजे काय? पाणी नाहीच असं धर. कॅमेरा पाण्याच्या पातळीच्या तेवढाच खाली, उणे २.६ मीटरवर ने आणि वर बघ. तिथून जे दिसेल ते वरचं खाली केलं की झालं प्रतिबिंब. त्या खालच्या डोळ्याला फळीची पाठ दिसेल कशी? त्याला पोटच दिसणार. ते पोट पाण्यापासून साधारण एक मीटरवर, म्हणजे त्या डोळ्याच्या ३.६ मीटर वर.

इकडे १.४, तिकडे ३.६. जेटी तीच, अंतर तेच. भागाकार कर. जी पाठ तू घासूनपुसून केलीस, खिळ्यांची डोकीसुद्धा दाखवलीस, तिच्या अडीच पटीहून जास्त उंची तुझ्या चित्रात ते पोट घेणार आहे. आणि पोटाच्या जागी तू काय ठेवलंस? काहीच नाही. मी फाइल उघडून खालून बघितलं. एक सपाट ठोकळा, त्याला वर फळ्यांचं चित्र चिकटवलेलं. कडी नाही, तुळई नाही. खांब त्या ठोकळ्यात नुसते घुसलेत.

"प्रतिबिंब सॉफ्टवेअरनंच दिलं, सर." खोटं बोलू नकोस. सॉफ्टवेअरनं असं कधीच दिलं नसतं. काय झालं ते मी सांगतो, चुकलं तर थांबव. सायकल्सला वेळ लागतो म्हणून तू एव्हीवर गेलास. एव्ही प्रतिबिंबासाठी पडद्यावर जे आधीच दिसतंय त्यातूनच उचलतं. जेटीचं पोट पडद्यावर नव्हतंच, तर उचलणार काय? जेटीखालचं पाणी फाटल्यासारखं दिसलं, कडेला पांढुरक्या चिंध्या आल्या. ते तुला दिसलं. तिथे थांबून कारण शोधायचं की नाही? तू काय केलंस? घराचा आणि जेटीचा भाग कापलास, फोटोशॉपमध्ये उलटा केलास, खाली चिकटवलास, थोडा धूसर केलास. पाच मिनिटांचं काम. आणि त्यावर आठवडाभर "रेंडर चालू आहे" सांगत फिरलास.

मान खाली घालू नकोस, ऐक. या उलट्या चिकटवण्यानं माणूस फसतो ते का? कारण लांबच्या गोष्टींना ते जवळजवळ बरोबर बसतं. पलीकडची टेकडी अर्ध्या किलोमीटरवर असेल तर डोळा २.६ मीटर वर असला काय आणि खाली असला काय, तिला फरक पडत नाही. टेकडी जुळली, आभाळ जुळलं, मग तुला वाटलं सगळंच जुळलं. फरक पडतो तो जवळच्या वस्तूला, आणि त्यातही पाण्यावर आडव्या पसरलेल्या वस्तूला. जेटी, पडवी, पत्र्याची वळचण. म्हणजे तुझ्या चित्राचा विषयच. जिथे चूक लपते ती टेकडी कोण बघायला येणार आहे रे?

तपासायला काही मोठं लागत नाही. दुसरा कॅमेरा ठेव, त्याच जागी, फक्त `Z` ला उणे २.६ आणि मानेचा कल उलटा. पाण्याचा थर आणि त्याखालचा तळ लपव. एक कच्चा रेंडर काढ. तो वरचा खाली करून तुझ्या पाण्यावर ठेव. जुळला तर पाणी खरं. नाही जुळला तर कुणीतरी लबाडी केलीय, आणि त्या खोलीत तू एकटाच होतास. एव्हीतच राहायचं असेल तर पाण्याच्या पातळीवर `Light Probe` मधला `Plane` टाक, तो खालून बघून पोट दाखवतो. पण दाखवायला पोट असलं पाहिजे. ते तुलाच करावं लागेल.

आणि ते तुला करता येत नाही असं सांगूच नकोस. आपल्या बुलढाण्यातली जुनी माळवदाची घरं बघितलीस की नाही? उन्हाळ्याच्या सुट्टीत आजोळी दुपारी उताणा पडून वर काय बघायचास? खांबावर तुळई, तुळईवर कड्या, कड्यांवर फळ्या. जेटीलाही तेच. दर दोन मीटरवर खांबांची जोडी धर. आठ मीटरला पाच जोड्या. प्रत्येक जोडीवर एक आडवी तुळई, म्हणजे पाच. त्यांच्यावर लांबीच्या दिशेनं चार कड्या. नऊ ठोकळे झाले. नऊ! एका ठोकळ्याला सहा बाजू. तुझा लॅपटॉप चोपन्न बाजूंनी बसतो म्हणतोस? आणि पडवीतल्या त्या विकतच्या वेताच्या खुर्चीला किती बाजू आहेत, ते कधी मोजलंस? तिच्यानं कसा नाही बसला?

उत्साहाच्या भरात उद्या दुसरं टोक गाठशील, म्हणून आत्ताच सांगतो. फळ्यांच्या फटींतून पाण्यात आभाळाच्या रेघा दिसतील असं वाटून फटी कोरत बसू नकोस. फळी चार सेंटिमीटर जाड, फट एक सेंटिमीटर. खालचा डोळा त्या पोटाकडे दहा ते सतरा अंशांच्या तिरक्या नजरेनं बघतोय. फटीतून आरपार बघायला पंचाहत्तर अंशांच्या वर मान हवी. या जागेवरून एकही रेघ दिसणार नाही. तुळया दिसतील, कड्यांच्या कडा दिसतील, खांबाचा माथा तुळईला कुठे भिडतो ते दिसेल. मेहनत तिथे कर. कुठे करायची आणि कुठे नाही हे ज्याला कळतं त्यालाच लवकर झोपायला मिळतं.

आता पाणी. पाण्याला `Metallic` १ दिलंस. काहून? "आरसा पाहिजे होता, सर." पाणी आरसा असतं हे तुला कुणी सांगितलं? काठावर उभा राहून पायाशी बघ. आभाळ दिसतं की गाळ? पायाशी, पंचेचाळीस अंशांनी खाली बघितलंस तर पाणी जेमतेम तीन टक्के प्रकाश परत पाठवतं. बाकीचा आत जातो. सात मीटरवर नजर वीस अंशांवर येते, तिथे तेरा टक्के. पंधरा मीटरवर दहा अंश, तिथे पस्तीस. तीस मीटरवर पाच अंश, तिथे अठ्ठावन्न. तुझ्याच कॅमेऱ्याच्या उंचीचे आकडे आहेत हे. म्हणजे तुझ्या चित्राच्या खालच्या कडेला पाण्याचा स्वतःचा रंग हवा आणि वर जाताजाता त्यात आभाळ मिसळत जायला हवं. तुझ्याकडे खालपासून वरपर्यंत एकच चकचकीत पत्रा. `Metallic` शून्य कर, `IOR` `1.333` लिही, बाकीचं ते स्वतः करतं. एवढं फुकटात मिळत असताना तू ते बंद करून ठेवलंस.

पाण्याचा रंग म्हणजे तो निळसर हिरवा काच-रंग नव्हे. "लोणारचं पाणी हिरवंच असतं की" असं तू मागे पोरांना सांगत होतास, ऐकलं मी. लोणार बंद विवरातलं खारं, अल्कधर्मी पाणी आहे, त्याचा हिरवा शेवाळामुळे. जून २०२० मध्ये तेच पाणी गुलाबी झालं, मिठात जगणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे. तो न्याय पैनगंगेच्या गोड्या पाण्याला लावायचा? पेनटाकळीत काळ्या मातीचा गाळ येतो. पावसाळा संपताना ते पाणी मातकट असतं. आणि हा गढूळपणा प्रतिबिंबातही उतरतो. जेटीचं पोट अंधारात, म्हणून तुझ्या मनात तिथे काळाकुट्ट डाग. तसं होत नाही. आजूबाजूच्या उजेडात गढूळ पाणी स्वतः थोडं उजळतं, म्हणून काळ्या वस्तूचं प्रतिबिंब वस्तूहून थोडं फिकं येतं. उलट पांढऱ्या कठड्याचं प्रतिबिंब कठड्याहून गडद येतं. तुझ्या चित्रात दोन्ही जशीच्या तशी. चिकटवलेल्याला पाण्याचा रंग लागणार कुठून?

आता ते खांब. मी सगळ्यात जास्त चिडलो ते इथे, कारण इथे तुझं डोकं चालायला हवं होतं.

तू खांब पाण्यापासून फळीपर्यंत ओले केलेस. एक मीटर. मग मला सांग, ते ओले कुणी केले? पाणी आरशासारखं स्थिर दाखवतोयस. लाट नाही, वारा नाही, चालती होडी नाही. स्थिर पाण्यातला खांब किती वर ओला होईल? लाकूड थोडं पाणी वर ओढतं, पाणी हललं की थोडं चाटतं. बोटभर, चारबोटं, फार तर वीतभर. एक मीटर वर पाणी उडवायला खाली म्हशी डुंबायला हव्यात, आणि मग प्रतिबिंब विसर. "पाऊस पडून गेला असेल, सर." असेल ना! मग जेटीच्या फळ्या कोरड्या ठणठणीत कशा? पावसानं आधी फळ्या भिजतात. जेटीखालचे खांब तर फळ्यांच्या आडोशाला असतात, ते वरच्या बाजूला कोरडेच राहतात. भिजतात ते फळीच्या फटीतून ओघळ आला तिथे, आणि वाऱ्याच्या बाजूला. तू केलंस ते ना पावसात घडतं, ना उघडिपीत. तुला "ओले खांब" छान दिसतात एवढंच माहीत होतं.

आणि ओलं म्हणजे काय केलंस? `Roughness` खाली ओढलं. संपलं. तो खांब ओला दिसत नाही, वार्निश मारलेला दिसतो. लाकूड भिजल्यावर काळवंडतं ते का, कधी विचार केलास? कोरड्या लाकडाच्या बारीक पोकळ्यांत हवा असते. हवा आणि लाकूड यांच्या `IOR` मध्ये फरक मोठा, म्हणून प्रकाश आपटत आपटत लवकर बाहेर फेकला जातो, लाकूड फिकं दिसतं. पोकळीत पाणी भरलं की फरक कमी होतो, प्रकाश खोल जातो, वाटेत शोषला जातो. वर पाण्याचा पातळ पापुद्रा असतो, तो बाहेर निघणाऱ्या प्रकाशातला काही पुन्हा आत लोटतो. हे पापुद्र्याचं कारण आंगस्ट्रॉम नावाच्या स्वीडिश शास्त्रज्ञानं १९२५ साली मांडलं. म्हणून आधी रंग गडद, मग चमक. रंगाला ०.५ ते ०.६ नं गुण. लाकडाचा खरखरीतपणा तसाच राहू दे, आणि त्यावर `Coat` चढव, त्याचा `IOR` `1.333`. तो झाला पाण्याचा पापुद्रा.

आणि हे सगळं खांबभर फासू नकोस. उंचीवरून ठरव. `Geometry` मधून `Position` घे, `Separate XYZ` करून `Z` काढ, `Map Range` ला दे. पाण्याच्या पातळीपासून पाच सेंटिमीटरपर्यंत पूर्ण ओलं, वीस सेंटिमीटरला पूर्ण कोरडं. `Z` मध्ये आधी थोडा `Noise` मिसळ, म्हणजे ती हद्द फूटपट्टीनं मारल्यासारखी दिसणार नाही. रंगाची हद्द थोडी वर ठेव आणि चमकेची थोडी खाली, कारण पापुद्रा आधी सुकतो, आतला ओलावा मागे राहतो. या एका गोष्टीनं खांब खरा दिसतो. तुझे तास वाचतात ते वेगळंच.

त्याच्या वर काय दिसेल? इथे तुला एक प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर फाइलमध्ये कुठेच नाही. महिना कोणता?

बघ, चेहरा पडला. महिना ठरवलाच नाहीस. धरणाच्या पाण्यावर घर बांधायला निघालास आणि महिना नाही? ऑक्टोबरात जलाशय भरलेला असेल, पाणी खांबाला वरपर्यंत असेल. मग रब्बीला पाणी सुटतं, गावांना प्यायला जातं, ऊन ओढतं, आणि पातळी महिनोन्‌महिने खाली सरकते. मे महिन्यात तुझी जेटी भेगाळलेल्या गाळावर उभी असेल आणि तिला बांधलेली ती पांढरी होडी चिखलात कलंडलेली. आहे तयारी ते काढायची? समुद्राच्या खाडीत पाणी दिवसातून दोनदा चढतं-उतरतं, म्हणून तिथल्या खांबावर कायम ओलसर हिरवा पट्टा असतो. धरणात भरती नसते. उतरत गेलेलं पाणी खांबावर वाळलेल्या गाळाच्या फिक्या रेघा सोडतं, एकाखाली एक, आणि त्यांच्यावरचं लाकूड उन्हानं राखी झालेलं असतं. डिसेंबरचा महिना घेतलास तर खांबाला तीन रंग येतील: वर राखी, मधे मातकट रेघा, खाली चारबोटं काळा ओला पट्टा. फुकटचं सौंदर्य आहे ते. पण ते दिसायला आधी तारीख टाकावी लागते.

तू काय टाकलंस? खांबाच्या बुंध्याला शिंपल्यांचं पांढरं खरखरीत कवच. मी चष्मा पुसून दोनदा बघितलं. अरे बाप्पा, मेहकर तालुक्यात समुद्र कधी आला? मालवणच्या धक्क्याच्या खांबाला ते बसतं, कारण ते खाऱ्या पाण्यातले जीव. "टेक्सचर तसंच मिळालं, सर." मिळालं म्हणून लावलंस? आणि पाण्यात उमटलेली ती सुईसारख्या पानांची उंच झाडं? तीही आभाळाच्या फोटोबरोबर मिळाली असतील. कुठल्यातरी थंड देशातल्या तळ्याची सकाळ पेनटाकळीवर पसरलीस. काठावर हाताने बाभळी लावल्यास, आणि पाण्यात त्यांच्या डोक्यावर ती सुईच्या पानांची झाडं. एकाच चित्रात दोन देश. झाडं नसलेलं नुसतं आभाळ घे, काठाची बुटकी रेघ स्वतः काढ, बाभळीचं प्रतिबिंब बाभळीचंच येऊ दे.

आता तुझं ठेवणीतलं वाक्य काढशील. "सर, गिऱ्हाइकाला एवढं कुठे कळतं?" त्याला सांगता येत नाही, हे खरं. पण त्याला कळतं. तो चित्राकडे बघतो, काहीतरी खटकतं, आणि म्हणतो, "छान आहे, पण अजून एक करून दाखवा." मग तू आभाळ बदलतोस. पुन्हा तेच. मग फर्निचर बदलतोस. खटकतंय ते जेटीच्या पोटात, आणि तू पडवीतली खुर्ची फिरवत बसतोस. तुझ्या तीनही फेऱ्या अशाच गेल्या ना?

दुसऱ्या कुणाचं काम असतं तर "बरं आहे" म्हणून सोडलं असतं, माझाही वेळ वाचला असता. कंचनीच्या महालाचं मोजमाप टेप लावून, भर उन्हात, इंचाला इंच जुळवून आणलंस, ते तूच ना? तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं की गवतात बुडालेला दगडही मोज. मोजलास. मग इथे जे गवतात नाही, पाण्यात उघडं दिसतंय, ते डोळ्याआड का केलंस? लाइट गेली म्हणून? लाइट जाते, मान्य. पण लाइट आली की तू आधी काय लावतोस, तेही मला माहीत आहे.

तर आता असं कर. ही फाइल टाकून द्यायची नाही, दुरुस्त करायची. चिकटवलेलं प्रतिबिंब आधी काढ. मग नऊ ठोकळे. मग उणे २.६ चा कॅमेरा, त्याची कच्ची प्रिंट मला हातात हवी, मोबाइलवर नको. रात्री सायकल्सवर लाव, सकाळपर्यंत होतं. पूर्ण आकाराचं नसलं तरी चालेल, पाणी खरं हवं. आणि कोपऱ्यात महिना लिही.

थांब, उठू नकोस. तुळई जाड किती घेणार? कड्या खांबाच्या आत येणार की बाहेर? आत्ता सांग. "बघतो" म्हणालास तर पेन्सिल घेऊन इथेच बस, मला साडेसातपर्यंत काही काम नाही.